सेकंडहँड बाइक घेतली आणि आठवड्यात निळा धूर: आधी काय तपासायचं, विकणाऱ्याला पत्र काय लिहायचं, आणि इंजिन कधी खोलायचं नाही

लक्षणं आधी सांगतो, तुमच्या गाडीशी जुळतात का बघा.

सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट येतो, मग कमी होतो. किंवा गाडी गरम झाल्यावर थ्रॉटल दिला की धूर, सोडला की बंद. ऑइलची पट्टी काढून बघावी तर लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली, आणि इंजिनखाली फरशीवर ठिपका नाही, म्हणजे गळत नाही तरी ऑइल जातंय. पिकअप घेताना दुप्पट माणसं बसल्यासारखी गाडी दबते. प्लग काढला तर काळा आणि ओला. आणि या सगळ्यातलं काहीही गाडी घ्यायच्या दिवशी नव्हतं, घेतल्यावर आठ-पंधरा दिवसांनी सुरू झालं. हे शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं, कारण पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, पंधरा दिवसात झिजत नसतात. ऑइल संपेपर्यंत पळवलं तर इंजिन एका दिवसात जॅम होईल ते वेगळं, पण हळूहळू ऑइल खाणारं इंजिन हे महिनोन्‌महिने तसंच असतं, फक्त तुम्हाला दाखवलेलं नसतं.

माझं गॅरेज कोल्हापुरात आहे आणि ही केस माझ्याकडे येतच असते. लोक येऊन म्हणतात मिस्त्री, इंजिन काम करा. मी म्हणतो थांबा, ज्यानं विकली त्याला आधी पत्र लिहा, मग मी पाना हातात घेतो. का, ते पुढं येईलच, पण थोडक्यात म्हणजे एकदा का हेड, म्हणजे सिलिंडरच्या वरचा भाग, खोललं की समोरचा म्हणणार माझ्याकडं असताना इंजिन ओके होतं, तुमच्या मिस्त्रीनं बिघडवलं. मग तुम्ही काय दाखवणार? म्हणून तपासण्या स्वस्तातल्या आधी, आणि प्रत्येक तपासणीचा फोटो पत्रासाठी. पोस्ट चार स्ट्रोक, एअर कूल्ड, सिंगल सिलिंडर गाड्यांबद्दल आहे, म्हणजे आपल्याकडं रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक. जुन्या दोन स्ट्रोकला हे लागू नाही, त्यात ऑइल पेट्रोलमधूनच जळतं, धूर येणारच.

आधी हे लपवतात कसं

हे कळलं की तपासण्यांचा अर्थ लागतो. रिंगा झिजलेल्या इंजिनात कंपनीनं सांगितलेल्यापेक्षा जाड ऑइल टाकायचं, वर एखादं घट्ट करणारं अॅडिटिव्ह ओतायचं. जाड ऑइल झिजलेल्या रिंगेच्या फटीतून हळू वर चढतं, त्यामुळं काही दिवस धूर दबतो आणि खडखडही कमी ऐकू येते. नवीन प्लग टाकायचा, सायलेन्सरचं तोंड आतून पुसून घ्यायचं, आयडलिंग थोडं वाढवून ठेवायचं म्हणजे गाडी बंद पडत नाही. आणि सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे गाडी गरम करून आणायची. व्हॉल्व्ह सील गेलेली गाडी थंड स्टार्टला धूर टाकते, कारण रात्रभर ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरून साचलेलं असतं. गरम गाडी तुमच्यासमोर शंभर वेळा बंद-चालू केली तरी तो लोट दिसणार नाही. विकणारा "थांबा मीच घेऊन येतो, तुम्ही कशाला येताय" असा फार प्रेमानं म्हणाला तर माझ्या कानाला ते बरोबर वाटत नाही. अर्थात साधा माणूसही तसं म्हणतो, म्हणून एवढ्यावर कुणाला चोर ठरवू नका.

तपासणी १: ऑइलची लेव्हल, फुकट

गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा, मग पट्टी पुसून परत बुडवून बघा. पट्टी आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची हे गाडीगणिक वेगळं असतं, पुस्तिकेत बघा, नाहीतर लेव्हल चुकीची वाचाल.

ही पहिली का, तर लेव्हल जास्त असली तरी निळा धूर येतो. कुणीतरी एक लिटरच्या जागी सव्वा लिटर ओतलेलं असतं, जादा ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि तिथून जळायला. फिल्टरचं झाकण काढून बघा, आत ऑइल साचलंय का. असं असेल तर जादा ऑइल काढा, फिल्टर बदला, दोन दिवस चालवा. धूर गेला तर भांडण करायचं काही कारण नाही, विकणाऱ्याला फोन करून शिव्या घातल्या असत्या तर फुकटची लाज गेली असती. माझ्याकडं येणाऱ्या काही गाड्या इथंच बऱ्या होतात.

लेव्हल कमी असेल तर पट्टीचा फोटो, मीटरच्या आकड्याचा फोटो, दोन्ही त्याच वेळी काढा. आणि बाहेर गळती नाही ना ते टॉर्च लावून बघा, ड्रेन बोल्ट, हेडची पॅकिंग, गियर शाफ्टचं सील. बाहेर गळत असेल तर तो वेगळा आणि स्वस्तातला आजार.

तपासणी २: धुराचा रंग आणि वेळ, हेही फुकट

पांढरी वाफ, जी थंडीत सकाळी येते आणि दोन मिनिटात जाते, ती पाण्याची वाफ, सोडून द्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, एअर फिल्टर किंवा कार्ब्युरेटरचं काम, त्याचा इंजिन झिजण्याशी संबंध नाही. निळा आणि जळक्या ऑइलचा वास, तोच आपला.

आता निळा कधी येतो ते महत्त्वाचं. रात्रभर उभ्या गाडीच्या पहिल्या स्टार्टलाच येऊन थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील. थ्रॉटल दिला की कायम येत असेल, चढाला जास्त, तर रिंगा आणि बोअर. तिसरी एक परीक्षा आपल्याकडं सोपी आहे, जोतिबावरून किंवा पन्हाळ्यावरून उतरताना थ्रॉटल पूर्ण सोडून गियरमध्ये गाडी येऊ द्या, खाली आल्यावर एकदम थ्रॉटल द्या, मागच्या गाडीवरच्या मित्राला बघायला सांगा. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, ती व्हॉल्व्हच्या बाजूनं ऑइल खेचते, म्हणून उतारानंतर एक मोठा लोट आला आणि एरवी फार काही नसलं तर सीलवर संशय. सील म्हणजे थोडक्यातलं काम, रिंगा-बोअर म्हणजे मोठं काम, त्यामुळं पत्रात किती पैसे मागायचे हे इथूनच ठरायला लागतं. मित्राला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. थंड स्टार्टचा व्हिडिओ घेताना आधी मीटर दाखवा, मग बंद इंजिनाला हात लावून दाखवा की थंड आहे, मग स्टार्ट, आणि मध्ये कट नको.

तपासणी ३: प्लग, फार तर प्लग पाना लागतो

प्लगचं टोक कोरडं आणि तपकिरी तर बरं. काळं पण कोरडं, हातानं पुसलं जातं, तर पेट्रोल जास्त. काळं, चकचकीत, ओलं, पेट्रोलचा नाही तर ऑइलचा वास, तर ऑइल जळतंय. आणि मीटर ४० हजारावर असलेल्या गाडीला एकदम नवाकोरा प्लग आणि तो पंधरा दिवसात ओला काळा झालेला, हे दोन्ही मिळून पत्रात लिहिण्यासारखं आहे. एकटा नवा प्लग पुरावा नाही, सर्व्हिसिंगलाही बदलतात.

तपासणी ४: आतलं ऑइल काढून बघणं, ऑइलच्या डब्याचे पैसे

इथं लोक घाईत सगळ्यात चांगला पुरावा गटारात ओततात. जुनं ऑइल स्वच्छ भांड्यात काढा, मोजा, स्वच्छ बाटलीत भरा, झाकणावर टेप लावून तारीख आणि मीटरचा आकडा लिहा आणि ठेवून द्या. त्या ऑइलची धार बघा. इंजिन थंड असताना काढलं आणि धार काकवीसारखी संथ पडली, बोटाला तार सुटली, तर आत बहुतेक कंपनीच्या ग्रेडचं ऑइल नाही. बऱ्याच नव्या गाड्यांना १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं, काहींना २०डब्ल्यू-४०, आपल्या पुस्तिकेत कुठलं आहे ते बघून ठेवा. आणखी एक खूण, अॅडिटिव्ह टाकलेल्या गाडीचा क्लच कधीकधी घसरतो, म्हणजे चढाला इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही. आपल्या बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारसाठी केलेली काही अॅडिटिव्ह त्याच्या प्लेटा निसरड्या करतात.

मग पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल मोजून भरा आणि साधारण ५०० किलोमीटर चालवा, दर शंभराला पट्टी बघत. खालच्या खुणेला आलं की थांबायचं, ५०० पूर्ण करायच्या नादात इंजिन जाळू नका. शेवटी काढून परत मोजा, किती कमी झालं तो आकडा पत्राचा कणा आहे. "गाडी ऑइल खाते" याला समोरचा हसतो, "३८० मिलीलीटर कमी भरलं" याला हसता येत नाही. फक्त धूर एवढा असेल की मागचे ओरडायला लागलेत, किंवा ठोकल्यासारखा आवाज येतोय, तर ही तपासणी करू नका, सरळ पाचवर जा, आणि आवाज असेल तर गाडी चालवत नेऊ नका.

तपासणी ५: कॉम्प्रेशन, इथून पुढं मिस्त्री

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. तुमच्याकडं त्याचं गेज असेल आणि सवय असेल तर घरी होतं, पण पत्रासाठी करायची असेल तर गॅरेजमध्येच करा, कारण आकडा तुमच्या तोंडचा नको, गॅरेजच्या लेटरहेडवर पाहिजे. गाडी गरम करायची, प्लग काढून गेज बसवायचं, काढलेला प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवायचा, फ्युएल इंजेक्शनवाली असेल तर पंपाचं कनेक्शन काढायचं. थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा, नाहीतर आत हवाच पुरेशी जात नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. काटा वर जायचा थांबेपर्यंत किका मारायच्या. हा कोरडा आकडा. मग प्लगच्या भोकातून एक चहाचा चमचा ऑइल टाकून परत तेच, हा ओला आकडा. ऑइल रिंगांची फट तात्पुरती बुजवतं, म्हणून ओला आकडा बराच वर गेला तर रिंगा-बोअर झिजलेत, फारसा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चमच्यापेक्षा जास्त ऑइल टाकू नका, जागाच भरून आकडा खोटा वर जातो.

किती आकडा बरोबर, हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचं, सगळ्या गाड्यांना एक मापटं नाही. काही गाड्यांत स्टार्ट हलका व्हावा म्हणून व्हॉल्व्ह थोडा उघडा धरणारी व्यवस्था कॅमवर असते, तिथं चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी येतो. हे माहीत नसलेला मिस्त्री तुम्हाला उगाच इंजिन काम सांगेल आणि तुम्ही उगाच पत्र लिहाल.

इथं थांबायचं

यानंतरची तपासणी म्हणजे हेड आणि ब्लॉक उतरवून बोअर मोजणं, आणि ती पत्राचं उत्तर आल्याशिवाय किंवा दिलेली मुदत संपल्याशिवाय करायची नाही. घरी तर अजिबात नाही. नुसत्या रिंगा बदलून बघू असं म्हणणारा कुणी भेटला तर हात जोडा, अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा बसत नाहीत, महिन्यात परत धूर. बोअर मोजून उद्यमनगरला लेथवर बोअरिंग-होनिंग करून ओव्हरसाइज पिस्टन, हे पूर्ण काम. काही गाड्यांच्या सिलिंडरला आतून कोटिंग असतं, त्यांना बोअरिंग होतच नाही, ब्लॉक किट बदलावं लागतं आणि खर्च बराच वाढतो. म्हणून एस्टिमेट लेखी घ्या, त्यात "खोलल्यावर वाढू शकतं" असं लिहून घ्या.

आणि ठोकल्यासारखा खालून आवाज येत असेल, ऑइलमध्ये चमकणारे धातूचे कण दिसत असतील, तर पुढं एक किलोमीटरही चालवू नका, टेम्पोत घालून न्या. क्रँक गेला तर एस्टिमेट दुप्पट होतं आणि ते तुम्ही चालवल्यामुळं झालं असं समोरचा म्हणणार, आणि त्यात त्याची बाजू बरोबर असेल.

आता पत्र

एक केस सांगतो, नावगाव सोडून. कागलकडचा पोरगा, गोकुळ शिरगावला कामाला. १५० सीसी, २०१७ ची गाडी, मीटर ४१ हजार, ४२ हजाराला घेतली. विकणाऱ्यानं व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं "इंजिन एकदम ओके, एक रुपयाचं काम नाही", आणि गाडी स्वतः रंकाळ्यावर घेऊन आला होता, अर्थातच गरम. दुसऱ्या आठवड्यात लक्षणं सुरू झाली. लेव्हल कमी, गळती नाही, थ्रॉटलला कायम निळा धूर, प्लग ओला. काढलेलं ऑइल जाड. योग्य ग्रेडचं एक लिटर मोजून भरलं तसा धूर वाढला, आणि ५०० किलोमीटरनंतर ७२० मिली निघालं, म्हणजे २८० मिली जळलं. कॉम्प्रेशन कोरडं ९५ पीएसआय, ओलं १४५. रिंगा-बोअर, काही शंका नाही. एस्टिमेट असं झालं: पिस्टन किट २,२००, बोअरिंग-होनिंग ६००, व्हॉल्व्ह सील आणि गाइड तपासणी ४००, गॅस्केट किट ५५०, ऑइल ४५०, मजुरी २,८००. एकूण ७,०००.

पोरानं आधी जो मेसेज टाइप केला होता तो असा होता की तुम्ही फसवलंत, पैसे परत द्या नाहीतर पोलिसात जाईन. मी म्हटलं हा डिलीट कर. एक तर जुन्या गाडीच्या इंजिनासाठी पोलीस बहुतेक वेळा दिवाणी बाब म्हणून परत पाठवतात, आणि दुसरं म्हणजे धमकी आली की समोरचा नंबर ब्लॉक करतो, बोलणंच संपतं.

कायद्याचं थोडं सांगतो, मी वकील नाही पण एवढं माहीत असलं की पत्र नीट होतं. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७ आणि १८. नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक धरत नाहीत. पण खोटं सांगणं, किंवा माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं, हे त्यात येतं. म्हणून "एक रुपयाचं काम नाही" हे लेखी वाक्य सोन्यासारखं, आणि जाड ऑइल हे झाकण्याचं चिन्ह. विकणारा म्हणणार "बघून घेतलीस ना". याला थोडा अर्थ आहे, कलम १९ मध्ये असं आहे की नुसतं चुकीचं सांगितलं असेल किंवा गप्प राहिला असेल आणि साधी काळजी घेतली असती तर तुम्हाला खरं कळलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. म्हणूनच पत्रात लिहायचं की गाडी गरम आणली होती आणि ऑइल जाड होतं, त्यामुळं साध्या बघण्यात हे दिसणं शक्यच नव्हतं. त्याच कलमात दुसरा रस्ताही आहे, करार रद्द न करता, सांगितलेलं खरं असतं तर जी स्थिती असती त्या स्थितीत मला आणा असं मागता येतं, आपल्या भाषेत इंजिन कामाचे पैसे द्या. बहुतेकांना मी हाच सुचवतो. गाडी परत देऊन पूर्ण पैसे पाहिजे असतील तर गाडी चालवणं बंद करावं लागतं, रोज कामाला नेताय आणि म्हणताय करार रद्द, हे टिकत नाही.

पत्र असं झालं:

श्री. ________ यांस,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्याकडून ता. ____ रोजी गाडी क्र. एमएच ०९ ____ (इंजिन क्र. ____) रु. ४२,००० ला विकत घेतली. पैसे यूपीआयने दिले, व्यवहार क्र. ____. त्या वेळी मीटर ४१,०६० होते.

आपण ता. ____ रोजी व्हॉट्सअॅपवर "इंजिन एकदम ओके, एक रुपयाचं काम नाही" असे लिहिले होते. त्यावर विश्वास ठेवून मी गाडी घेतली. गाडी आपण स्वतः चालवत आणली होती, त्यामुळे थंड इंजिन चालू करून बघता आले नाही.

ता. ____ पासून गाडी निळा धूर टाकू लागली. आधीचे ऑइल ठरलेल्या ग्रेडपेक्षा जाड निघाले, ते जपून ठेवले आहे. योग्य ग्रेडचे १ लिटर ऑइल भरल्यावर ५०० किमी अंतरात २८० मिली कमी झाले. बाहेर गळती नाही. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन कोरडे ९५ व ओले १४५ पीएसआय आले. गॅरेजच्या मते रिंगा व बोअर झिजले आहेत आणि एवढी झीज माझ्याकडच्या वापरात होणे शक्य नाही. गॅरेजचा रिपोर्ट, रु. ७,००० चे एस्टिमेट, फोटो सोबत जोडले आहेत.

इंजिन मी अजून खोललेले नाही. आपण स्वतः येऊन, हवा तर आपला मिस्त्री घेऊन, पुन्हा तपासणी करावी. पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत आपण यावे किंवा दुरुस्तीचा खर्च रु. ७,००० द्यावा ही विनंती. तसे न झाल्यास मी इंजिनाचे काम दुसऱ्या व्यक्तीसमोर, फोटो काढून करून घेईन आणि खर्चाची मागणी कायदेशीर मार्गाने करेन.

आपला,
________

यातलं सगळ्यात जोरदार वाक्य माझ्या मते "इंजिन मी अजून खोललेले नाही, आपला मिस्त्री घेऊन या" हे आहे. खरं वागणाऱ्याला ते पटतं, कारण कदाचित त्यालाही माहीत नसेल, त्यानंही कुणाकडून तशीच घेतली असेल. आणि ज्याला माहीत होतं त्याच्याकडं उत्तर उरत नाही. चोर, फसवणूक, चारशेवीस असले शब्द पत्रात नाहीत ते मुद्दाम. "त्यानं जाड ऑइल टाकलं" असंही लिहिलं नाही, "जाड निघाले" एवढंच, कारण कुणी टाकलं ते आपण बघितलेलं नाही. जेवढं बघितलं आणि मोजलं तेवढंच लिहायचं.

व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवा आणि त्याच दिवशी छापून, सही करून स्पीड पोस्टानं पाठवा, पोहोचल्याची नोंद काढून ठेवा. विकणाऱ्याचे जुने मेसेज आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट पत्र पाठवायच्या आधी काढा, नंतर जाहिरात गायब होते. रागानं नावावर करायचे कागद मात्र अडवून धरू नका. ट्रान्सफर आणि इन्शुरन्स वेळेत करून घ्या, ते भांडण वेगळं आणि त्यात तुमचंच नुकसान.

डीलरकडून घेतली असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. गाड्या विकणं हा त्याचा धंदा असल्यामुळं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागतो, घरगुती विकणाऱ्याला तो लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करून बघा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची परवानगी लागते, तेव्हा पत्रात त्याचा परवाना क्रमांक मागा, काहीजण एवढ्यावरच बोलायला तयार होतात.

घरगुती विकणारा ऐकतच नसेल तर पुढं दिवाणी कोर्ट, तिथं वकिलाशिवाय जाऊ नका. पण आधी वकिलाची फी आणि एस्टिमेट शेजारी ठेवून बघा. सात हजारासाठी कोर्टात जा असं मी कुणाला सांगत नाही, गाडी लाख-दीड लाखाची आणि ब्लॉक किटचं काम असेल तर वकिलाची एक नोटीस जरूर पाठवा.

त्या पोराचं काय झालं तर, विकणारा आधी फोनवर "जुनी गाडी आहे, होतंच" म्हणाला. पत्र पोहोचल्यावर आठवड्यानं त्याचा मिस्त्री घेऊन आला. त्याच्यासमोर गेज लावलं, आकडे तेच. त्याचा मिस्त्री काहीच बोलला नाही, नुसती मान हलवली. पाच हजारावर तोडगा निघाला. ४१ हजार पळालेल्या गाडीच्या पिस्टनचं थोडं आयुष्य संपलेलं असणारच, ते दोन हजार पोरानं सोसावे हे मला रास्त वाटलं, पोराला नाही वाटलं.

तुमचंही असं मिटलं तर पैसे यूपीआयने घ्या, शेऱ्यात "इंजिन दुरुस्ती" लिहायला सांगा, आणि एका कागदावर दोघांच्या सह्या घ्या की अमुक गाडीच्या इंजिनाबद्दल अमुक रक्कम मिळाली, आता तक्रार नाही. सही करायच्या आधी विचारून घ्या की खोलल्यावर क्रँक किंवा हेड खराब निघालं तर काय, आणि ठरेल ते त्याच कागदावर लिहा. रक्कम खात्यात दिसली की हेड खोला. जुना पिस्टन आणि रिंगा मिस्त्रीकडून मागून घ्या, बोअरचं माप लेथवाल्याकडून बिलावर लिहून घ्या.